पेपरवरचं तिसरं नाव

जर्नलच्या सबमिशन सिस्टीमकडून ईमेल आली. अमुक लेखाचे सहलेखक म्हणून आपली नोंद झाली आहे, कृपया खात्री करा, एवढाच मजकूर आणि खाली दोन दुवे: एक होकाराचा, एक नकाराचा. शीर्षक वाचून मला काही आठवेना. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणारा संसर्ग, मधुमेही आणि बिगर-मधुमेही रुग्णांची तुलना. मग लेखकांची यादी पाहिली आणि पहिलं नाव वाचून उलगडा झाला. सर्जरीचा एक रेसिडेंट थीसिसचे प्रिंटआउट घेऊन माझ्याकडे आला होता, त्याचाच हा पेपर. पहिलं नाव त्याचं, दुसरं त्याच्या गाइडचं, तिसरं माझं, चौथं त्यांच्या युनिटमधल्या असिस्टंट प्रोफेसर मॅडमचं आणि पाचवं विभागप्रमुखांचं.

मी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन विभागात स्टॅटिस्टिशियन आहे. जुनी मंडळी या विभागाला अजून पीएसएमच म्हणतात. थीसिस जमा करायची तारीख जवळ आली की आमच्या दारात पेन ड्राइव्ह घेतलेल्या रेसिडेंट्सची रांग लागते. कुणाला पूर्ण विश्लेषण करून हवं असतं, कुणाला नुसता ‘पी व्हॅल्यू बरोबर आहे ना’ एवढाच धीर हवा असतो. हा मुलगा दुसऱ्या प्रकारातला होता. नमुना किती घ्यायचा हे माझ्या आधीच्या स्टॅटिस्टिशियननी सिनॉप्सिसच्या, म्हणजे थीसिसच्या आराखड्याच्या वेळी ठरवून दिलं होतं. माहिती त्याने गोळा केली होती, एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर त्यानेच चालवलं होतं, आणि माझ्यासमोर ठेवला होता फक्त तिसऱ्या तक्त्याचा प्रिंटआउट.

तो तक्ता असा होता. एकूण 80 रुग्ण, त्यांत 20 मधुमेही आणि 60 बिगर-मधुमेही. मधुमेहींपैकी 4 जणांच्या जखमेत संसर्ग झाला, म्हणजे 20 टक्के. बाकीच्यांत 3 जणांना, म्हणजे 5 टक्के. त्याने काय-स्क्वेअर चाचणी लावली होती आणि पी व्हॅल्यू, म्हणजे मुळात संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, 0.04 आली होती. मसुद्याच्या गोषवाऱ्यात ‘मधुमेह आणि संसर्ग यांचा संबंध सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’ असं वाक्य तयारही होतं.

प्रिंटआउटच्या तळाशी बारीक अक्षरात एसपीएसएसची तळटीप होती. तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही:

```
1 cells (25.0%) have expected count less than 5.
The minimum expected count is 1.75.
```

हे 1.75 कुठून आलं ते हाताने काढता येतं. ऐंशीपैकी वीस म्हणजे पाव रुग्ण मधुमेही आहेत. मधुमेहाचा आणि संसर्गाचा काहीच संबंध नसता, तर संसर्ग झालेल्या सातांपैकी पाव भाग मधुमेहींच्या वाट्याला यायला हवा होता. साताचा पाव म्हणजे 1.75. काय-स्क्वेअरची पी व्हॅल्यू ही एक अंदाजी पद्धत असते आणि अपेक्षित आकडे इतके लहान झाले की हा अंदाज डळमळतो. अशा वेळी फिशरची एक्झॅक्ट चाचणी वापरतात. त्यासाठी वेगळं काही चालवावंही लागत नाही, कारण दोन बाय दोनच्या तक्त्याला एसपीएसएस ती ओळ आपणहून छापतं. काय-स्क्वेअरच्या खाली दोन-तीन ओळी सोडून ती होती आणि तिच्यासमोर 0.062 लिहिलं होतं.

मी त्याला ती ओळ दाखवली. 0.04 आणि 0.06 यांत आकाशपाताळाचं अंतर नाही, पण आपण एकदा 0.05 ची रेषा आखली असेल तर सोयीची चाचणी निवडून ती ओलांडायची नसते, हेही सांगितलं. ‘लक्षणीय’ हा शब्द काढ, 20 टक्के आणि 5 टक्के हे आकडे सरळ लिही, आणि संसर्ग मुळात सातच जणांना झाला ही गोष्ट लपवू नकोस, एवढा सल्ला दिला. त्याने मान डोलावली, थँक्यू मॅडम म्हणाला आणि ओटीची वेळ झाली म्हणून पळाला. माझ्या पुढ्यातला चहा तोवर निवलाही नव्हता.

त्यानंतर थेट ही ईमेल.

पहिला विचार ‘बरं झालं’ असाच आला. तिसरं नाव ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. वैद्यकीय शिक्षकांच्या पात्रतेचे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचे 2022 चे जे नियम तेव्हा होते, त्यांत पदोन्नतीसाठी तोच पेपर धरत ज्यात तुम्ही पहिल्या तीन लेखकांत आहात किंवा जर्नलशी पत्रव्यवहार करणारे करस्पाँडिंग ऑथर आहात. चौथं नाव असलं तर फाइलमध्ये लावायला छान, मोजायला शून्य. त्यामुळे गाइड सरांनी मला तिसरी जागा दिली होती ती नुसती आभाराची नव्हती, चांगली घसघशीत भेट होती. आणि यादीत चौथ्या होत्या त्या मॅडम, ज्यांचा या कामातला वाटा मला तेव्हा ठाऊकही नव्हता.

ईमेलसोबत लेखाची पीडीएफ उघडता येत होती. ती मी पहिल्यांदाच वाचत होते, आणि सहलेखक म्हणून नाव लागलेला लेख जमा झाल्यावर पहिल्यांदा वाचायला मिळतो यातच निम्मं उत्तर होतं. तिसरा तक्ता मी सांगितला तसा नीट दुरुस्त केलेला होता. चौथ्या तक्त्यात रुग्णालयातल्या मुक्कामाचे दिवस होते: संसर्ग झालेल्या गटाची सरासरी 8.6 दिवस आणि प्रमाण विचलन 7.9. तिथे मी अडखळले. मुक्काम शून्य दिवसांपेक्षा कमी असू शकत नाही. सरासरी आणि विचलन जवळपास सारखं आलं, तर समजायचं की बरेच रुग्ण चार-पाच दिवसांत घरी गेलेत आणि एखाददुसरा महिनाभर राहिलाय. असा डेटा सरासरीने सांगायचा नसतो, मध्यक आणि चतुर्थकं द्यायची असतात, आणि त्यावर टी-टेस्ट लावायची नसते. माझ्याकडे हा तक्ता आला असता तर मी तो असा जाऊ दिला नसता. पण तो माझ्याकडे आला नव्हता, आणि खाली नाव मात्र माझंही होतं.

आमच्या क्षेत्रात लेखक कुणाला म्हणायचं याचा सर्वमान्य आधार आयसीएमजेईच्या शिफारशी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची ही समिती 1978 मध्ये व्हँकुव्हरला भरलेल्या बैठकीतून उभी राहिली. त्यांच्या चार अटी आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. कामाच्या आखणीत किंवा माहिती मिळवण्यात, तिच्या विश्लेषणात किंवा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा चिकित्सकपणे सुधारण्यात हात हवा. शेवटच्या मसुद्याला मान्यता दिलेली हवी. आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तरदायी राहायची तयारी हवी. ही चौथी अट 2013 मध्ये जोडली गेली. माझ्यासारख्याची गाडी बहुतेक वेळा पहिल्या अटीतल्या ‘भरीव’ या शब्दाशी अडते, कारण भरीव म्हणजे किती हे कुणी मापून दिलेलं नाही.

दुपारी डब्याच्या वेळी विभागातल्या एका सहकाऱ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “अगं, तुझ्यामुळे पेपरचा निष्कर्ष बदलला. याहून भरीव काय असतं?” मुद्दा बिनतोड वाटला आणि थोडा वेळ मी गप्पच बसले. वेळ थोडा लागला म्हणून वाटा छोटा, असं म्हणता येत नाही हे खरंच आहे. अनुभवी माणसाची पाच मिनिटं कधी कधी वर्षभराच्या कामाला वळण देतात.

मग सुचलं की हेच काम जर्नलच्या रिव्ह्यूअरने केलं असतं तर? पेपर तसाच गेला असता, रिव्ह्यूअरने लिहिलं असतं की अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी आहे, फिशर वापरा, आणि निष्कर्ष तसाच बदलला असता. त्या रिव्ह्यूअरला कुणी लेखक म्हणत नाही. कारण त्याने समोर ठेवलेल्या कागदातली चूक दाखवली, कागदामागचं काम त्याने पाहिलं नाही. मीही तेवढंच केलं होतं. वाटा छोटा होता तो मिनिटांच्या हिशेबाने नव्हे, आणि परिणामाच्या हिशेबाने तर नव्हेच. अख्ख्या कामातल्या एका चौकोनाकडे मी पाहिलं होतं, आणि त्या चौकोनातले आकडे कुठून आले हे मला ठाऊक नव्हतं.

सहकाऱ्याचं समाधान झालं नाही. “तू फार विचार करतेस, हो म्हण आणि विसरून जा,” म्हणत तो उठला. जाता जाता माझ्या डब्यातली शेवटची कोथिंबीर वडी उचलून गेला.

आता प्रश्न होता नाही म्हणायचं कसं. सोपा रस्ता समोरच होता, नकाराच्या दुव्यावर क्लिक. पण तिथे खाचखळगा आहे. या पडताळणीच्या ईमेल मुळात कुणाचंही नाव त्याला न विचारता घुसडलं जाऊ नये म्हणून पाठवतात. सहलेखकाने काही न बोलता ‘नाही’ दाबलं, तर संपादकाच्या टेबलावर त्याचा अर्थ ‘माझं नाव परस्पर वापरलं’ असा होतो. मग करस्पाँडिंग ऑथरला खुलासा मागवला जातो, पेपर अडकतो, आणि थीसिसवरचा पहिलावहिला पेपर असलेल्या मुलाच्या नावाला काही कारण नसताना बट्टा लागतो. इथे कुणी लबाडी केली नव्हती. मला विचारलं नव्हतं एवढंच, आणि तेही ‘मॅडम खूश होतील’ अशा भाबडेपणाने. म्हणून दुव्याला हात न लावता मी आधी गाइड सरांना फोन केला.

फोनवर ते नीट बोलेनात, राउंड चालू होता. म्हणाले, “ओपीडी संपली की वर याच.” गेले. सर्जरीच्या ऑफिसात दोन इंटर्न डिस्चार्ज कार्डं लिहीत बसले होते, त्यांच्यासमोरच बोलणं झालं.

“अहो मॅडम, आम्ही मानाने नाव घातलं आणि तुम्ही काढा म्हणताय? काही चुकलं का आमचं?”

“चुकलं काही नाही सर. पण हा पेपर मी ईमेल आल्यावर वाचला.”

“मग आता वाचलात ना! झालं तर.”

मी त्यांना विचारलं, “सर, यात मधुमेही कुणाला धरलंय? रुग्णाने सांगितलं म्हणून, की तपासून?”

“तपासून. एचबीएवनसी साडेसहा किंवा वर, नाहीतर आधीपासून गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेले.”

“आणि संसर्ग आहे की नाही, हे कितव्या दिवसापर्यंत पाहिलं?”

“तीस दिवस. डिस्चार्जनंतर ड्रेसिंगला येतात तेव्हा आमच्या मॅडम स्वतः जखम बघायच्या. जे आले नाहीत त्यांना फोन करायच्या.” या मॅडम म्हणजे यादीतलं चौथं नाव.

“बघा, तुम्हाला एका दमात सांगता आलं. मला यातलं एकही सांगता आलं नसतं. उद्या कुणी पत्र लिहून हेच विचारलं तर उत्तर देणारे तुम्ही. मी नुसती खाली सही करणार.”

सर थोडं हसले. मग म्हणाले ते मात्र विचार करण्यासारखं होतं. “ठीक आहे, मग मास्टर चार्ट पाठवतो. सगळं विश्लेषण तुम्ही पुन्हा करा, मसुदा वाचा, सुधारा. मग तर नाव घ्याल?”

हा पर्याय पोकळ नव्हता. आयसीएमजेईनेच म्हटलंय की ज्याने पहिली अट पुरी केली, त्याला मसुदा वाचण्याची आणि मान्यता देण्याची संधी द्यायला हवी. संधी न देता ‘तुम्ही मसुदा वाचला नाहीत, म्हणून लेखक नाही’ असं म्हणून कुणाला डावलायचं नाही. स्टॅटिस्टिशियन मंडळींवर हा अन्याय खूप होतो. अख्खं विश्लेषण करून घेतात आणि शेवटी आभारात एका ओळीत गुंडाळतात. त्यामुळे माझ्यासारख्या बाईने लेखकाची जागा नाकारताना आपण उगाच विनय तर दाखवत नाही ना, हेही पाहावं लागतं. मी खरोखर विश्लेषण केलं असतं आणि नाव काढून घेतलं असतं, तर तीही वाचकाची फसवणूकच झाली असती, कारण काम करणारा माणूस पडद्याआड राहिला असता.

पण इथे पहिली अटच पुरी झाली नव्हती. आणि पेपर जमा झाल्यावर, आधी यादीत बसलेल्या नावाला पात्र ठरवण्यासाठी काम करायचं, हा उलटा प्रवास होता. शिवाय मास्टर चार्ट उघडल्यावर मला वेगळं काही सापडलं असतं तर पेपर मागे घ्या म्हणावं लागलं असतं, आणि काही नाही सापडलं तर जे झालंय त्यावर शिक्का मारल्यासारखं झालं असतं. मी सरांना म्हटलं, “पुढच्या थीसिसला सिनॉप्सिसपासून बोलवा. तेव्हा नाव मी भांडून घेईन.”

निघता निघता चौथ्या तक्त्याचं सांगितलं. दिसलेलं न सांगता जाणं बरं वाटेना. सरासरीऐवजी मध्यक द्या, दोन गटांच्या तुलनेला मॅन-व्हिटनी लावा. सर इंटर्न्सकडे बघून म्हणाले, “घ्या! आता दोन तक्ते झाले. अजून एक सांगितलात की नाव काढायला मीच देणार नाही.” हसण्यावारी गेलं, पण त्यात तथ्य होतं. एक तक्ता, दोन तक्ते, मग ‘मॅडम जरा चर्चा विभागही बघता का’ असं करत करत कुठेतरी माणूस खरोखरच लेखक होतो. ती रेषा नक्की कुठे हे मला आधीपासून सांगता येणार नाही. दोन तक्त्यांवर शेरा मारून ती ओलांडलेली नाही, इतकं मात्र कळत होतं.

सरांनी आणखी एक बाजू काढली होती. “पुढे काही लफडं निघेल अशी भीती वाटते का तुम्हाला?” नाही, तसा संशय मला अजिबात नव्हता आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. हे स्पष्ट सांगणं गरजेचं असतं, कारण नाव मागे घेणाऱ्याकडे लोक आधी त्याच नजरेने पाहतात. कामात खोट दिसत असेल तर नुसतं नाव काढून बाजूला होणं पुरत नाही, ती खोट संपादकाला सांगावी लागते. ते प्रकरण निराळं.

नाव मागे घ्यायचं तर आत्ताच, हे मात्र मला पक्कं माहीत होतं. 2005 च्या डिसेंबरात दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांच्या मूलपेशींवरच्या पेपरचं बिंग फुटत होतं, तेव्हा त्यांचे अमेरिकन सहलेखक जेराल्ड शॅटन यांनी आपलं नाव काढून टाकावं म्हणून ‘सायन्स’ला कळवलं. ‘सायन्स’ने नकार दिला: पेपर जमा करताना त्यातल्या मजकुरावर पूर्ण भरवसा असल्याचं जाहीर केलेल्या लेखकाला, छापून झाल्यावर चौकशी चालू असताना एकट्याने नाव मागे घेता येत नाही. पुढच्या महिन्यात अख्खा पेपरच रद्द झाला. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या चौकशी समितीला शॅटन बनावटगिरीत सामील आढळले नाहीत, पण ज्येष्ठ लेखक म्हणून असलेली जबाबदारी टाळल्याचा ठपका त्यांच्यावर आलाच. एवढं मोठं आमच्या जखमांच्या पेपरात काही घडणार नव्हतं. नियम मात्र तोच लागू होता. पेपर संपादकाकडे पडून आहे तोवर नाव काढणं म्हणजे एक फॉर्म भरणं, छापून आल्यावर तेच दुरुस्तीचं जाहीर प्रकटन होतं.

फॉर्मचं काम कंटाळवाणं होतं. जमा झालेल्या पेपरची लेखकयादी बदलायची तर करस्पाँडिंग ऑथरचं विनंतीपत्र, बदलाचं कारण, जुनी यादी, नवी यादी आणि सगळ्या लेखकांच्या सह्या लागतात; ज्याचं नाव जातंय त्याचीही. चार सह्या एकाच इमारतीत होत्या. पाचवी, म्हणजे पहिल्या लेखकाची, अडली. तो एव्हाना एमएस होऊन बाँडवर विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात गेला होता. त्याचा फोन आला तो घाबऱ्या आवाजात.

“मॅडम, रागावलात का? मी सरांना म्हटलं होतं आधी विचारू म्हणून.”

“रागावले असते तर दुसऱ्या दुव्यावर क्लिक केलं असतं बाळा. सही करून पाठव, आणि पेन निळं नको, काळं वापर. मागच्या वेळी एकाचा निळ्या पेनाचा फोटो त्यांना वाचता आला नव्हता.”

कारणाच्या रकान्यात सरांनी आधी ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलं होतं. ते मी बदलून घेतलं. वैयक्तिक कारण हा शब्द संपादकाला भांडणाचा वास देतो. त्याऐवजी सरळ लिहिलं की या व्यक्तीचा सहभाग एका तक्त्यातल्या चाचणीच्या निवडीबाबत सल्ला देण्यापुरता होता, लेखकत्वाच्या अटी पुऱ्या होत नाहीत, आणि त्यांच्याच विनंतीवरून नाव आभारात हलवत आहोत.

संपादकीय कार्यालयाकडून मला वेगळी ईमेल आली, सरांना वगळून. नाव काढायला तुमची संमती कुणाच्या दबावाशिवाय आहे ना, आणि उरलेल्या लेखकांनी विश्लेषणाची जबाबदारी घेतली आहे असं तुम्हाला वाटतं का, असे दोन प्रश्न. बरं वाटलं. नाव घुसडण्याइतकीच नाव खोडण्याचीही दांडगाई चालते, आणि ज्युनियर माणसाला ‘तूच लिहून दे’ म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. मी उत्तर लिहिलं की संमती माझी आहे, विनंती माझीच होती, आणि विश्लेषण पहिल्या लेखकाने केलेलं आहे.

आभाराच्या ओळीवरून मात्र थोडी घासाघीस झाली. सरांच्या मसुद्यात होतं, ‘सांख्यिकी विश्लेषणासाठी’ माझे आभार. हे त्यांनी प्रेमाने लिहिलं, पण त्यामुळे होतं असं की लेखकाच्या जागेवरून काढलेली जबाबदारी मागच्या दाराने परत माझ्या नावावर चढते. वाचणारा समजणार की सगळे तक्ते या बाईने केले, चौथ्यासह. आभारात नाव घालायलाही त्या माणसाची लेखी परवानगी घ्यावी अशी शिफारस आहे ती याचसाठी: नाव दिसलं की लोक त्याला पाठिंबा समजतात. शेवटी ओळ ठरली ती अशी: ‘तक्ता 3 मधील सांख्यिकी चाचणीच्या निवडीबाबत सल्ला दिल्याबद्दल’. वाचायला रुक्ष आहे, पण जेवढं केलं तेवढंच तीत आहे. त्या ओळीला मी ईमेलवर होकार कळवला.

यादीत आता चार नावं राहिली आणि चौथ्या मॅडम तिसऱ्या झाल्या. जखमा बघणाऱ्या आणि रुग्णांना फोन करणाऱ्या त्याच. त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठून “तुम्ही माझ्यासाठी केलंत का?” असं विचारलं. नाही म्हटलं, कारण मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. विभागप्रमुखांच्या नावाबद्दल मी काही विचारलं नाही. सर्वसाधारण देखरेख एवढ्यावर लेखक होता येत नाही, असं आयसीएमजेई म्हणते खरं, पण त्यांनी काय केलं आणि काय नाही हे मला कुठे माहीत होतं? आणि दुसऱ्याचं नाव तपासायला मी निघाले नव्हते.

नंतर रिव्ह्यूअर्सचे शेरे आले. त्यांतल्या एकाने मागणी केली होती की वय, शस्त्रक्रियेचा कालावधी, हिमोग्लोबिन आणि मधुमेह हे सगळं एकत्र घेऊन लॉजिस्टिक रिग्रेशन करा. विदर्भातून फोन. मी त्याला म्हटलं, “संसर्ग किती जणांना झाला?” “सात, मॅडम.” एका घटकामागे निदान दहा घटना असाव्यात असा ढोबळ ठोकताळा आहे, सातांत चार घटक कोंबले तर आकडे येतील, पण त्यांचे विश्वासांतर इतके रुंद निघतील की त्यातून काहीच कळणार नाही. हेच रिव्ह्यूअरला नम्रपणे लिही आणि मर्यादांच्या परिच्छेदात घाल, असं सांगितलं.

“मॅडम,” तो जरा थांबून म्हणाला, “मग आता आभाराची ओळ बदलायची का? तक्ता 3 च्या पुढे हेही घालू?”

“तक्ता 4 राहिलाच आहे,” मी म्हटलं. “दोन्ही घाल, आणि एकदा पाठव मला, परवानगी द्यावी लागेल.”